वीस टक्क्यांचा हिस्सा आणि ‘मायनॉरिटी डिस्काउंट’ची वजाबाकी

वाचकाचे पत्र:

“रबाळे एमआयडीसीमध्ये आम्हा तीन मित्रांची यंत्रांचे सुटे भाग बनवणारी प्रायव्हेट लिमिटेड कंपनी २००६ पासून चालू आहे. त्या दोघांचे ४०-४० टक्के आणि माझे २० टक्के समभाग आहेत. तिघेही संचालक आहोत. वय आणि गुडघेदुखी यांमुळे मला आता थांबायचे आहे. कंपनीच्या सीएंनी दिलेल्या अहवालात माझ्या २०,००० समभागांना प्रत्येकी ४०७ रुपये, म्हणजे एकूण सुमारे ८१ लाख रुपये किंमत धरली आहे. ‘तुम्ही मायनॉरिटी आहात, त्यामुळे डिस्काउंट वजा होणारच, सगळीकडे हेच चालते,’ असे ते म्हणतात. अहवाल आणि तीन वर्षांचे हिशेब सोबत जोडले आहेत. हे खरोखर नियमाने आहे का? मला भांडण नको आहे, पण मेहनतीचे रास्त मोल मिळावे, एवढीच इच्छा आहे. — एक वाचक, ऐरोली”

सप्रेम नमस्कार.

असा कोणताही नियम नाही. खाजगी कंपनीतील एका भागधारकाने दुसऱ्याला समभाग विकताना हिस्सा लहान असल्याबद्दल किमतीतून काही वजा करावे, असे कंपनी कायदा, २०१३ सांगत नाही. आणि वजा करू नये, असेही तो सांगत नाही. कायद्याने ही जागा मोकळी ठेवलेली आहे. ती प्रथम तुमच्या आर्टिकल्स ऑफ असोसिएशनने, म्हणजे कंपनीच्या अंतर्गत नियमावलीने, भरायची असते, आणि तेथे काही लिहिलेले नसेल तर तुम्ही तिघांनी मूल्यांकन करणाऱ्याला विचारलेल्या प्रश्नाने.

म्हणून सर्वप्रथम आर्टिकल्स काढा आणि समभागांच्या हस्तांतरणाचे कलम वाचा. बहुतेक खाजगी कंपन्यांत असे कलम असते की बाहेर पडणाऱ्याने आपले समभाग आधी उरलेल्या भागधारकांना देऊ करावेत आणि किमतीवर एकमत न झाल्यास लेखापरीक्षकाने ‘रास्त मूल्य’ ठरवावे. त्यापुढची अर्धी ओळ निर्णायक असते. ‘कंपनीच्या एकूण मूल्याच्या प्रमाणात’ असे लिहिले असेल तर लहान हिस्सा म्हणून सूट मागण्याला जागाच उरत नाही. ‘इच्छुक विक्रेता आणि इच्छुक खरेदीदार यांच्यात त्या समभागांना जी किंमत येईल ती’ असे लिहिले असेल तर मात्र सुटीचा आग्रह धरणाऱ्याची बाजू बळकट होते, कारण बाहेरचा माणूस ज्या २० टक्क्यांतून ना संचालक नेमू शकतो, ना लाभांश ठरवू शकतो, त्यांना पूर्ण भाव देणार नाही. आर्टिकल्स दोन्हींबाबत गप्प असतील तर हा प्रश्न वाटाघाटीचा राहतो.

आता अहवालाकडे वळू. तुमच्या प्रश्नाचे खरे उत्तर तेथेच आहे, म्हणून मी त्यावर जास्त वेळ घेतो. अहवालात तीन वर्षांच्या करोत्तर नफ्याची सरासरी १ कोटी १३ लाख धरली आहे. या व्यवसायातील शेअर बाजारात नोंदलेल्या कंपन्यांचे किंमत-उत्पन्न गुणोत्तर १८ घेऊन, ‘कंपनी लहान आहे आणि तिचे समभाग बाजारात विकता येत नाहीत’ या कारणाने ते ६ वर आणले आहे. त्यामुळे कंपनीचे मूल्य ६ कोटी ७८ लाख आणि तुमचा पाचवा हिस्सा १ कोटी ३५ लाख ६० हजार होतो. त्यातून हिस्सा अल्प म्हणून २५ टक्के आणि उरलेल्या रकमेतून विक्रीयोग्यता नाही म्हणून आणखी २० टक्के वजा केले की ८१ लाख ३६ हजार उरतात. आकडेमोड बरोबर आहे. चूक आहे ती एकच गोष्ट पुन्हा पुन्हा वजा करण्यात.

पहिली पुनरुक्ती नफ्यात आहे. हिशेबांप्रमाणे उरलेले दोन्ही संचालक वर्षाला प्रत्येकी ५४ लाख मानधन घेतात. त्यांच्या जागी पगारी कारखाना-व्यवस्थापक आणि विक्रीप्रमुख नेमायचे ठरवले तर प्रत्येकी ३४ लाखांत ते मिळतील, असे अहवालाच्या परिशिष्टातच म्हटले आहे. शिवाय कंपनी महापे येथील गाळ्याचे भाडे भरते. तो गाळा एका संचालकाच्या पत्नीच्या नावावर आहे आणि भाडे परिसरातील दरापेक्षा वर्षाला ८ लाखांनी जास्त आहे. तुमचे स्वतःचे मानधन मात्र तुमच्या जागी येणाऱ्या खरेदी-व्यवस्थापकाच्या पगाराइतकेच असल्याने तेथे काही बदलायचे नाही. हे ४८ लाख व्यवसायाचा खर्च नाहीत. कंपनीवर ज्यांचा ताबा आहे त्यांनी नफ्याआधी उचललेली ती रक्कम आहे.

अल्प हिस्सेदाराचे नुकसान नेमके कशात असते, तर हे थांबवण्याचा अधिकार त्याच्याकडे नसतो यात. मग हा खर्च आहे तसा ठेवून काढलेल्या नफ्यावर मूल्य काढले, की अल्प हिस्सेदाराची ती दुर्बलता किमतीत उतरलेली असते. त्याच्यावर पुन्हा २५ टक्के सूट लावणे म्हणजे तोच तोटा दोनदा मोजणे होय. मूल्यांकन करणाऱ्याने दोहोंपैकी एक मार्ग निवडावा: नफा आहे तसा ठेवून सूट लावू नये, किंवा नफा दुरुस्त करून मग सुटीची चर्चा करावी.

दुसरी पुनरुक्ती गुणकात आहे. १८ चा गुणक ६ झाला तो समभाग बाजारात विकता येत नाहीत म्हणून, असे अहवाल स्वतः म्हणतो. तेच कारण पुढे २० टक्क्यांच्या सुटीसाठी पुन्हा वापरले आहे. यात आणखी एक बारकावा आहे. बाजारातल्या कंपनीच्या समभागाचा रोजचा भाव हा मुळातच अल्प हिस्सेदाराचा भाव असतो, कारण शंभर समभाग घेणाऱ्याला कंपनीवर ताबा मिळत नाही. अशा भावांवरून गुणक घेतला, तर अल्प हिस्स्याची वेगळी सूट लावण्याचा आधार तेथेच संपतो. मूल्यांकन क्षेत्रात हे नवीन नाही. पण कंपनीच्याच सीएंकडून घाईने करून घेतलेल्या अहवालांत ते मला वारंवार दिसते, आणि सोडणाऱ्या भागीदाराला त्याची कल्पनाही नसते.

आता तेच आकडे सरळ मांडून पाहू. कंपनीजवळ १ कोटी ६० लाखांची मुदत ठेव आहे आणि खेळत्या भांडवलासाठी तिची गरज नाही. अशी जादा मालमत्ता व्यवसायाच्या मूल्यात वेगळी मिळवतात. मात्र मग तिचे व्याज नफ्यातून काढावे लागते, नाहीतर आपल्या बाजूनेही दुहेरी मोजणी होईल. ते व्याज सुमारे १२ लाख आहे. म्हणजे ४८ लाख अधिक आणि १२ लाख उणे, असे करपूर्व ३६ लाख वाढतात. सुमारे २५ टक्के कंपनीकर वजा जाता २७ लाख राहतात. त्यामुळे टिकाऊ नफा १ कोटी ४० लाख होतो. गुणक त्यांचाच ६ ठेवला तर व्यवसाय ८ कोटी ४० लाखांचा आणि ठेव मिळवून कंपनी १० कोटींची. एकूण समभाग एक लाख असल्याने प्रत्येकी १,००० रुपये, आणि तुमचे २ कोटी.

या आकड्याला चिकटून बसू नका. विक्रीतला मोठा भाग दोनच ग्राहकांकडून येतो आणि त्यांच्याशी संबंध मुख्यतः उरलेल्या दोघांचे आहेत, असे परिशिष्टावरून दिसते. या कारणाने कोणी गुणक ५ धरावा असे म्हटले, तर मी त्याला अवाजवी म्हणणार नाही. तसे केल्यास कंपनी ८ कोटी ६० लाखांची आणि तुमचा हिस्सा १ कोटी ७२ लाखांचा होतो. जोखीम आहे तर ती गुणकात, एकदाच, उघडपणे यावी. सूट या नावाने मागच्या दाराने नव्हे.

मायनॉरिटी डिस्काउंटचा वाद या हिशेबांपेक्षा खोल आहे. समजा, प्रमाणशीर मूल्य २ कोटी आहे आणि दोन्ही सुटी लावून तुम्हाला १ कोटी २० लाख दिले. हे ८० लाख कोठे जातात? कंपनीचा व्यवसाय काल होता तसाच आज आहे, तिच्या मूल्यात काही घट झालेली नाही. ते ८० लाख उरलेल्या दोघांकडे जातात. बाहेरचा खरेदीदार असता तर त्याला खरोखरच ताबा मिळाला नसता, म्हणून त्याने सूट मागणे समजू शकते. येथे खरेदीदारांकडे ताबा आधीपासूनच आहे आणि तो आता पूर्ण होतो आहे. ज्या उणिवेची सूट मागितली जाते, ती उणीव खरेदीदाराच्या हाती गेल्यावर उरतच नाही. माझ्या मते सुटीच्या विरोधातला हा सर्वांत भक्कम युक्तिवाद आहे.

इंग्लंडमधील न्यायालयांनी हा प्रश्न सविस्तर हाताळला आहे. बर्ड प्रिसिजन बेलोज या १९८४ च्या खटल्यात असे ठरले की कंपनी नावापुरती कंपनी आणि वागण्यात भागीदारीच असेल, सगळे एकमेकांच्या विश्वासावर एकत्र येऊन काम करीत असतील, आणि त्यातल्या एकाला अन्यायाने बाहेर काढले गेले असेल, तर त्याला प्रमाणशीर किंमत सूट न लावता मिळावी. १९९९ मध्ये ओ’नील विरुद्ध फिलिप्स खटल्यात हाउस ऑफ लॉर्ड्सने रास्त प्रस्ताव सामान्यतः असाच असावा, असे सांगितले. याउलट अर्व्हिन खटल्यात २००६ मध्ये जवळजवळ निम्मा हिस्सा असूनही सूट लावली गेली, कारण ते नाते भागीदारीसारखे मानले गेले नाही. अमेरिकेत डेलावेअरच्या सर्वोच्च न्यायालयाने १९८९ मध्ये कॅव्हेलियर ऑइल खटल्यात न्यायालयामार्फत होणाऱ्या मूल्यनिर्धारणात अल्प हिस्स्याची सूट नाकारली. यांतला एकही निकाल भारतात बंधनकारक नाही. पण आपल्याकडे युक्तिवाद करताना यांचा आधार घेतला जातो, आणि तुम्हा तिघांची कंपनी ‘भागीदारीसारखी’ या वर्णनात चपखल बसते.

आपल्या सर्वोच्च न्यायालयाचे या विषयाला जवळचे जुने निकाल करविषयक आहेत. महादेव जालान प्रकरणात, आणि पुढे १९८० मध्ये कुसुमबेन महादेविया प्रकरणात, न्यायालयाने सांगितले की चालू खाजगी कंपनीच्या समभागांचे मूल्य सामान्यतः तिच्या नफा कमावण्याच्या क्षमतेवरून काढावे. मालमत्ता विकून काय येईल हा हिशेब कंपनी मोडीत निघण्याच्या बेतात असेल तेव्हाचा. म्हणजे उद्या ते ‘बुक व्हॅल्यू’ पुढे करू लागले तर तुमच्याकडे उत्तर आहे.

येथे तुमच्या बाजूची कच्ची जागाही सांगितली पाहिजे. तुम्हाला कोणी काढलेले नाही. तुम्ही स्वेच्छेने निघत आहात. जुलूम आणि गैरव्यवस्थापनाविरुद्ध कलम २४१ खाली राष्ट्रीय कंपनी कायदा न्यायाधिकरणाच्या मुंबई खंडपीठाकडे जाता येते, त्यासाठी लागणारा एक-दशांश हिस्साही तुमच्याकडे आहे, आणि समभाग विकत घेण्याचा आदेश देण्याचा अधिकार कलम २४२ न्यायाधिकरणाला देते. पण केवळ किंमत कमी देऊ केली म्हणून तो जुलूम ठरत नाही, आणि निवृत्त होऊ इच्छिणाऱ्याचे समभाग विकत घ्यायला कायदा कोणाला भागही पाडत नाही. तुमचे बळ न्यायालयात कमी आणि टेबलावर जास्त आहे, तेव्हा टेबलावर काय ठेवता येईल ते पाहू.

पहिली गोष्ट आयकराची. न नोंदलेल्या कंपनीचे समभाग आयकर नियमांनुसार निघणाऱ्या मूल्यापेक्षा कमी किमतीत विकले, तर विक्रेत्याला ते मूल्यच मिळाले असे धरून भांडवली नफा मोजतात आणि खरेदीदाराच्या हाती फरकाची रक्कम, ती ५० हजारांहून जास्त असेल तर, उत्पन्न म्हणून करपात्र होते. हे मूल्य मुख्यतः ताळेबंदावरून काढतात, स्थावर मालमत्ता मात्र मुद्रांक शुल्कासाठी ठरवलेल्या किमतीला धरतात. त्या सूत्रात अल्प हिस्स्याची सूट बसत नाही. तुमच्या कंपनीचे भांडवल आणि राखीव निधी मिळून ५ कोटी ५० लाख आहेत; शेड आणि भूखंड ताळेबंदात जुन्या किमतीला आहेत आणि रेडी रेकनरने धरल्यास सुमारे अडीच कोटी वाढतात. म्हणजे समभागाला ८०० रुपये. एमआयडीसीचा भूखंड ९५ वर्षांच्या भाडेपट्ट्यावर असतो, त्यामुळे त्याला हा दर लागतो का यावर वाद घालता येतो. पण तो वाद त्यांनी जिंकला तरी ५५० रुपये राहतातच. म्हणजे ४०७ चा भाव दोन्ही बाजूंनी महाग आहे. ८०० धरले तर दोघा मित्रांच्या हाती समभागामागे ३९३ रुपये, एकूण ७८ लाख ६० हजार, करपात्र होतील. वरच्या टप्प्यात ३० टक्क्यांनी हा कर २३ लाखांच्या पुढे जातो, अधिभार वेगळा. तुम्हालाही न मिळालेल्या पैशांवर १२.५ टक्के दराने दीर्घकालीन भांडवली नफ्याचा कर भरावा लागेल. हा तक्ता त्यांच्या सीएंपुढे ठेवा. १ कोटी ६० लाखांच्या खाली बोलण्यात कोणाचाच फायदा नाही, हे त्यांना तुमच्याआधी कळेल.

दुसरी गोष्ट मतांची. ४०, ४० आणि २० अशा वाटणीत तुमचा हिस्सा लहान असला तरी दुय्यम नाही, कारण त्या दोघांत मतभेद झाला तर साधा ठराव तुमच्या मताने ठरतो. तुमचे समभाग दोघांनी अर्धे अर्धे घेतले तर कंपनी ५०-५० होते आणि पुढे एखाद्या प्रश्नावर अडली तर सोडवणारा तिसरा कोणी नसतो. एकट्याने सगळे घेतले तर त्याच्याकडे ६० टक्के जाऊन ताबा येतो. त्या एकट्यासाठी तुमच्या २० टक्क्यांना सूट नव्हे, उलट जादा मोल आहे. मित्रांत चुरस लावा असे मी सुचवत नाही, आणि आर्टिकल्सप्रमाणे बहुधा दोघांनाही समान संधी द्यावी लागेल. पण ‘तुम्ही मायनॉरिटी आहात’ या वाक्याला एवढे उत्तर शांतपणे दिले पाहिजे.

कंपनीनेच समभाग परत घ्यावेत अशी सूचना पुढे येईल. कलम ६८ प्रमाणे एका वेळच्या बायबॅकची रक्कम भरणा झालेले भांडवल आणि मुक्त राखीव निधी यांच्या २५ टक्क्यांपलीकडे जाऊ शकत नाही. राखीव निधी सगळा मुक्त धरला तरी तुमच्या कंपनीत ही मर्यादा १ कोटी ३७ लाख ५० हजार येते, आणि दोन बायबॅकमध्ये एक वर्षाचे अंतर ठेवावे लागते. शिवाय बायबॅकवरील कराचे नियम अलीकडे बदलले आहेत. तेव्हा निम्मे समभाग थेट दोघांनी आणि निम्मे कंपनीने, अशी विभागणी करायची असल्यास आधी दोन्हींचा कर काढून घ्या.

मग आता करायचे काय? अहवालावर वाद घालत बसण्यापेक्षा तिघांनी मिळून नवा, कंपनीशी संबंध नसलेला नोंदणीकृत मूल्यांकक नेमावा आणि त्याचे शुल्क हिश्शांच्या प्रमाणात वाटून घ्यावे. त्याच्या नेमणूकपत्रात प्रश्न असा लिहून घ्या: “३१ मार्च रोजी चालू व्यवसाय म्हणून संपूर्ण कंपनीचे मूल्य काढावे, संचालकांचे मानधन आणि संबंधित व्यक्तींशी असलेले व्यवहार बाजारदराने दुरुस्त करावेत, समभागांचे मूल्य त्या एकूण मूल्याच्या प्रमाणात, अल्प हिस्सा किंवा विक्रीयोग्यतेबद्दल वेगळी सूट न लावता सांगावे.” शेवटच्या वाक्यावर ते अडले, तर ‘सुटीपूर्वीचे आणि सुटीनंतरचे असे दोन्ही आकडे कारणांसह द्यावेत’ एवढे तरी लिहून घ्या. दोन आकडे समोर आले की सुटीची रक्कम लपत नाही, आणि तिच्यावर माणसे बोलू शकतात. अहवाल बंधनकारक आहे की सल्ल्यापुरता, हेही त्याच पत्रात असू द्या. बंधनकारक मानलेला तज्ज्ञाचा आकडा नंतर ‘मला पटला नाही’ म्हणून मोडता येत नाही.

माझे मत विचाराल तर १ कोटी ७० लाख ते २ कोटी यांच्या दरम्यान कोठेही मिटले तर ते रास्त मिटले असे मी म्हणेन, आणि सगळी रक्कम एकरकमी मिळत असेल तर खालच्या टोकाकडे झुकायला हरकत मानणार नाही. हप्ते असतील तर व्याज आणि तारण दोन्ही लिहून घ्या.

राजीनामा मात्र आज देऊ नका. संचालक असेपर्यंत हिशेबाची वह्या-पुस्तके पाहण्याचा अधिकार तुमच्याकडे आहे, आणि नव्या मूल्यांककाला लागणारी मानधनाची व भाडेकराराची कागदपत्रे तुम्हालाच काढून द्यावी लागतील. कंपनीच्या कॅश क्रेडिटला तुमची वैयक्तिक हमी असेल, तर समभाग विकले किंवा संचालकपद सोडले म्हणून ती आपोआप सुटत नाही. बँकेने हमीतून मुक्त केल्याचे लेखी पत्र दिल्यावरच हस्तांतरणाच्या अर्जावर, म्हणजे एसएच-४ वर, सही करा.